तलवारीची ओळ

'डार्क सोल्स' या जपानी खेळात 'वॉरियर' म्हणून सुरुवात केली की हातात लाँगसोर्ड मिळते. सरळ पात्याची, दिसायला अगदी साधी तलवार. तिचा मूळ मारा 80, वजन 3, आणि ती नीट पेलायची तर ताकद 10 आणि चपळाई 10 हवी. खेळणाऱ्याला हे आकडे तलवारीच्या माहितीच्या पानावर दिसतात. बरीच वर्षं माझी समजूत अशी होती की ते प्रोग्रॅमच्या पोटात कुठेतरी खोल कोरलेले असणार आणि आपला हात तिथवर पोचणार नाही. प्रत्यक्षात ते एका तक्त्यात लिहिलेले आहेत, आणि तो तक्ता आपल्याच संगणकावर, खेळाच्या फोल्डरमध्ये पडलेला असतो.

तक्ता वेगळा ठेवण्यामागे कारण आहे. खेळ घडवताना शस्त्रांचं वजन, मारा, किंमत हे सगळं पुन्हा पुन्हा बदलून पाहावं लागतं. दर वेळी प्रोग्रॅमरला बोलावून कोड बदलायचा आणि नव्याने बांधायचा, तर कामच पुढे सरकणार नाही. म्हणून आकडे बाजूला काढून तक्त्यात ठेवतात आणि प्रोग्रॅम सुरू होताना ते वाचतो. खेळ बनवणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली ही वाट पुढे हौशी लोकांनाही सापडली.

फ्रॉमसॉफ्टवेअरने हा खेळ 2011 मध्ये आणला. संगणकावर तो 2012 मध्ये आला आणि सुधारलेली 'रिमास्टर्ड' आवृत्ती 2018 मध्ये. मी इथे रिमास्टर्डबद्दलच लिहितो आहे, कारण तिच्यात फायली सुट्या ठेवलेल्या आहेत. 2012 च्या आवृत्तीत त्या मोठ्या गाठोड्यांत कोंबलेल्या होत्या, आणि गाठोड्याच्या सूचीत फायलींची नावंही नव्हती. प्रत्येक फायलीच्या पत्त्यावरून गणिताने काढलेला एक आकडा तेवढा तिथे होता. आकड्यावरून नाव उलटं काढता येत नाही. म्हणून गाठोडं सोडणाऱ्या साधनाला संभाव्य नावांची यादी आधीच द्यावी लागायची, आणि खेळाने सुट्या फायली वाचाव्यात यासाठी मूळ प्रोग्रॅममध्येही थोडी दुरुस्ती करावी लागायची. रिमास्टर्डमध्ये ही सगळी कटकट वाचते.

आपल्याला हवी असलेली फाइल इथे आहे:

```
DARK SOULS REMASTERED\param\GameParam\GameParam.parambnd.dcx
```

नावातली दोन शेपटं म्हणजे दोन आवरणं. बाहेरचं `dcx` हे दाबून लहान करण्याचं. झिप फाइल ज्या पद्धतीने दाबली जाते, तीच पद्धत इथेही वापरली आहे, फक्त वर खेळाचं स्वतःचं मथळ्याचं पान जोडलेलं आहे. दाबण्याआधीचा आकार किती आणि दाबल्यानंतरचा किती, हे त्या पानावर लिहिलेलं असतं. आतलं `parambnd` म्हणजे अनेक तक्त्यांचं एक गाठोडं. ते सोडलं की शस्त्रांचा `EquipParamWeapon.param` मिळतो, शस्त्र घडवून वाढवण्याचा `ReinforceParamWeapon.param` मिळतो, आणि शत्रूंच्या हल्ल्यांचा `AtkParam_Npc.param`सुद्धा.

तक्ता म्हटल्यावर एक्सेलसारखं काही डोळ्यांपुढे येईल, पण फायलीत रकान्यांना नावं नाहीत. नुसते बाइट एकापुढे एक मांडलेले आहेत. अमुक जागेवरचे दोन बाइट म्हणजे मारा, तमुक जागेवरचे चार बाइट म्हणजे वजन, हे सांगणारा नकाशा निराळा असतो. त्याला पॅरामडेफ म्हणतात. संपादक तो नकाशा तक्त्यावर धरतो आणि आपल्याला नावांसकट रकाने दाखवतो. नकाशा चुकीच्या आवृत्तीचा लावला, तर एका जागेनंतरचं सगळं सरकतं. ते ओळखायला मी नेहमी वजनाकडे पाहतो. लाँगसोर्डचं वजन नेमकं 3 दिसलं तर नकाशा बसला. तिथे दशांशानंतर शून्यांची रांग लागलेला एखादा विचित्र आकडा दिसला, तर काहीही न बदलता संपादक बंद करावा.

बदलायच्या आधी दोन प्रती काढून खेळाच्या फोल्डरबाहेर ठेवाव्यात. एक या `dcx` फायलीची आणि दुसरी आपल्या सेव्हची, म्हणजे डॉक्युमेंट्समधल्या `NBGI` फोल्डरात असलेल्या `DRAKS0005.sl2` या फायलीची. संपादक स्वतः `.bak` नावाने प्रत ठेवतो, पण तिच्यावर विसंबू नये. मूळ कुठली आणि कालची बदललेली कुठली, हे आठवड्याभराने आपल्यालाच सांगता येत नाही.

मी यॅप्ड नावाचा छोटा संपादक वापरतो. डावीकडे तक्त्यांची यादी, मधे निवडलेल्या तक्त्यातल्या ओळी, उजवीकडे त्या ओळीतले रकाने. `EquipParamWeapon` निवडून 201000 क्रमांकाची ओळ गाठली की लाँगसोर्ड समोर येते. उजवीकडे `attackBasePhysics` या रकान्यात 80 लिहिलेलं असतं. तिथे 100 टाकायचे. फायलीत प्रत्यक्ष बदल होतो तो एवढाच:

```
50 00
64 00
```

पहिली जोडी 80 ची, दुसरी 100 ची. माऱ्याला दोन बाइट दिलेले असल्याने या रकान्यात 65535 पेक्षा मोठी संख्या मावतच नाही.

बदल इतका लहान, तर दाबलेल्या फायलीतच तो का करू नये? कारण दाबलेल्या फायलीत 80 ही संख्या अशी सुटी दिसतच नाही, आजूबाजूच्या मजकुरात ती मिसळून गेलेली असते. शिवाय बदलानंतर पुन्हा दाबलं की फायलीचा आकार बदलतो आणि मथळ्यावरचा जुना आकार खोटा ठरतो. म्हणून आधी सोडायचं, मग बदलायचं, मग पुन्हा बांधायचं. यॅप्डमध्ये सेव्ह केलं की तो बांधणी स्वतःच करतो. पण गाठोड्यातल्या इतर गोष्टीही पाहायच्या असतील, तर याबर नावाचं साधन घ्यावं. फाइल उचलून त्याच्यावर टाकली की शेजारी एक फोल्डर तयार होतो, आणि तोच फोल्डर पुन्हा त्याच्यावर टाकला की गाठोडं बांधलं जातं.

त्या फोल्डरात तक्त्यांसोबत `_yabber-bnd3.xml` नावाची एक मजकूर फाइल असते. ती एकदा उघडून वाचण्यासारखी आहे. गाठोड्यात कोणता तक्ता कोणत्या क्रमांकावर होता, ते तिच्यात असतं, आणि प्रत्येकाचा मूळ पत्ताही: `N:\FRPG\data\INTERROOT_x64\param\GameParam\`. हा पत्ता आपल्या संगणकावरचा नाही. खेळ जिथे घडला तिथल्या एका ड्राइव्हचा तो पत्ता आहे, आणि गाठोड्याबरोबर तो आपल्यापर्यंत आला आहे. फाइल बांधताना हे क्रमांक आणि हे पत्ते जसेच्या तसे परत जायला हवेत. म्हणूनच फोल्डर साध्या झिपमध्ये बांधून त्याला `dcx` हे नाव दिलं तर खेळ ते उघडत नाही. आतला तक्ता अगदी बरोबर असला, तरी गाठ वेगळी पडलेली असते.

फाइल जागेवर ठेवून खेळ सुरू करायचा. तो आधीच चालू असेल तर पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा, कारण तक्ते सुरुवातीलाच वाचले जातात. इथून पुढे काय चुकलं ते खेळच सांगतो. मुख्य पानावर पोचण्याआधी तो बंद पडला, तर बांधणी चुकली किंवा दुसऱ्या आवृत्तीची फाइल आणली असं समजावं. 2012 च्या आवृत्तीतली फाइल इथे चालत नाही. खेळ नीट सुरू झाला पण तलवार 80 वरच राहिली, तर बहुधा आपण भलत्या फोल्डरमधल्या प्रतीत बदल केला आहे, किंवा स्टीमने फायली तपासताना मूळ फाइल परत आणून ठेवली आहे.

तिसरी शक्यता माझ्या वाट्याला आली होती, आणि तिच्यापायी एक अख्खी संध्याकाळ गेली. नवा योद्धा सुरू केला तर मारा 100 दिसत होता. जुन्या सेव्हमधली लाँगसोर्ड मात्र ढिम्म हलली नव्हती. सेव्हमध्ये तलवारीचा मारा लिहिलेला नसतो, फक्त तिचा क्रमांक असतो, तेव्हा बदल जुन्या सेव्हलाही लागू व्हायला हवा होता. उत्तर त्या क्रमांकातच होतं. शेवटचे दोन अंक म्हणजे तलवार किती पायऱ्या वाढवली ते. 201005 ही पाच पायऱ्या वाढवलेली साधी लाँगसोर्ड. त्यांच्या आधीचा शतकाचा अंक सांगतो की ती कोणत्या वाटेने वाढवली. माझी तलवार विजेच्या वाटेने घडवलेली होती, आणि विजेच्या लाँगसोर्डची ओळ वेगळी आहे: 201200. अग्नीची 201800. प्रत्येक वाटेला स्वतःची ओळ आणि स्वतःचा मूळ मारा. साधी ओळ बदलून विजेच्या तलवारीत काही होणार नव्हतं.

पायऱ्यांना मात्र स्वतंत्र ओळ नसते. तिथे दुसरा तक्ता, `ReinforceParamWeapon`, कामाला येतो. साध्या वाटेवर दर पायरीला मूळ माऱ्याचा दहावा भाग वाढतो. 80 ची तलवार पहिल्या पायरीला 88, पाचव्या पायरीला 120, दहाव्या पायरीला 160 आणि पंधराव्या पायरीला 200 होते. आपण मूळ आकडा 100 केला, तर पंधरावी पायरी 250 वर जाते. ताकद आणि चपळाईमुळे मिळणारी भरही मूळ माऱ्याच्या प्रमाणातच मोजली जाते, म्हणून तीही वाढते. पहिल्या तासात 20 ने वाढलेली तलवार खेळाच्या शेवटाकडे 50 ने पुढे गेलेली असते. सुरुवात थोडी सोपी व्हावी पण शेवट होता तसाच राहावा, असं वाटत असेल तर मूळ आकडा वाढवून भागत नाही. तिच्या ओळीतला `reinforceTypeId` पाहून वाढीच्या तक्त्यातल्या कोणत्या ओळी लागू होतात ते शोधावं लागतं. त्या ओळी मात्र इतर अनेक शस्त्रांच्याही असतात, त्यामुळे तिथे हात लावला तर ती सगळीच बदलतात.

माहितीच्या पानावरचे 250 शत्रूला तसेच लागत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. मधे त्याचं संरक्षण वजा होतं, आणि मारा पाव पटीने वाढला म्हणून इजाही नेमकी तेवढीच वाढेल असं नाही. मी एकच शत्रू ठरवतो, त्याला जुन्या आणि नव्या फायलीने त्याच पद्धतीचा एकेक वार करतो आणि दिसणारे आकडे वहीत लिहून ठेवतो. हे सगळं इंटरनेट बंद ठेवून करायचं. इतरांशी जोडून खेळताना बदललेले आकडे घेऊन जाणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि त्यापायी खात्यावर बंदीही येऊ शकते.

ही ओळ फक्त आपल्या हातातल्या तलवारीची नाही, लाँगसोर्ड या वस्तूची आहे. खेळाडूंचीच शस्त्रं वापरणारी जी मानवी पात्रं खेळात भेटतात, त्यांच्यापैकी कुणाच्या हातात ती असेल, तर त्याचाही मारा आता 100 पासून मोजला जाईल. गावाच्या वेशीवर तलवारी घेऊन उभे असलेले पोकळ सैनिक मात्र पहिल्यासारखेच मारतात. त्यांच्या हातात दिसणारं पातं या तक्त्यातून येत नाही. त्यांचा वार `AtkParam_Npc` मध्ये, निराळ्या ओळीवर लिहिलेला आहे.