टायरचे वय कसे ओळखावे?

टायरच्या बाजूच्या भिंतीवर डीओटी या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ उमटवलेली असते. तिच्या शेवटचे चार अंक म्हणजे टायरची जन्मतारीख. पहिले दोन अंक आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ‘३५१९’ असेल, तर तो टायर २०१९च्या पस्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टअखेरीस तयार झाला. हे चार अंक बऱ्याचदा एकाच बाजूला असतात. बाहेरून दिसले नाहीत, तर आतली बाजू पाहावी. शेवटी तीनच अंक असतील, तर टायर २०००पूर्वीचा आहे.

न वापरलेला टायरही म्हातारा होतो. हवेतला ऑक्सिजन रबराच्या लांब रेणूसाखळ्यांशी संयोग पावतो, त्यांच्यात नवे बंध तयार होतात आणि रबर कडक होते. उष्णतेने हा वेग वाढतो. ओझोन पृष्ठभागावरच्या ताणलेल्या साखळ्या तोडतो. त्याला अडवण्यासाठी रबरात मेण आणि काही रसायने मिसळलेली असतात. चाक फिरताना टायर दबतो, तसे ती पृष्ठभागावर येत राहतात. डिकीतल्या स्टेपनीत ही हालचालच नसते, त्यामुळे हे कवच नीट भरून निघत नाही.

म्हणून स्टेपनीची नक्षी कोरी असली, तरी बाजूच्या भिंतीवर आणि खाचांच्या तळाशी बारीक भेगा पाहाव्यात. मात्र आतल्या थरांचे सुटणे बाहेरून दिसेलच असे नाही. त्यामुळे अनेक कंपन्या दहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात.