मास्टर चार्टच्या रकान्यात काय लिहिलं आहे?

‘तीस गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्या तीस जणींना शिरेतून लोह दिलं. कोणती टेस्ट लावाल?’ एमडीच्या विद्यार्थ्यांना मी हा प्रश्न विचारतो, तेव्हा निम्मा वर्ग लगेच ‘टी टेस्ट’ म्हणतो. खरं तर या प्रश्नाला अजून उत्तरच नाही. बायका किती, औषध कोणतं, आजार कोणता, हे सगळं सांगून झालं, पण त्यांच्यात मोजलं काय, हे कुणी सांगितलेलंच नाही. टेस्ट त्यावर ठरते. थीसिस करणारा प्रत्येक रेसिडेंट एक मास्टर चार्ट भरतो, एका ओळीत एक रुग्ण. त्या चार्टच्या शेवटच्या रकान्यात जे लिहिलं असेल, त्याकडे आधी बघायचं.

त्या रकान्यात ९.८, ११.२, १०.४ असे हिमोग्लोबिनचे आकडे असतील, तर दोन गटांच्या सरासरींची तुलना करता येते आणि टी टेस्ट शोभते. तोच रकाना ‘रक्तक्षय आहे’, ‘नाही’ असा भरला असेल, तर सरासरी कशाची काढणार? तिथे फक्त माणसं मोजता येतात, आणि माणसं मोजण्याची टेस्ट म्हणजे काय-स्क्वेअर. अभ्यास तोच, बायका त्याच. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, अशी रेघ मारली की आकड्याचं लेबल झालं आणि टेस्ट बदलली.

समजा, गोळ्यांच्या गटात ३० पैकी १८ जणींचा रक्तक्षय राहिला आणि शिरेतून लोह दिलेल्या गटात १० जणींचा. (इथले सगळे आकडे समजावण्यापुरते मी तयार केले आहेत.) दोन्ही गट मिळून ६० पैकी २८ जणी रक्तक्षयाच्या. उपचारांत काहीच फरक नसता, तर प्रत्येक गटात १४ जणी निघायला हव्या होत्या. म्हणजे अपेक्षित १४, प्रत्यक्षात एकीकडे १८, दुसरीकडे १०. प्रत्येक घरातला हा फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित संख्येनं भागायचं आणि चारही घरांची बेरीज करायची. ती ४.२९ येते. दोन बाय दोनच्या तक्त्यात ३.८४ ही सीमा आहे, ती ओलांडली म्हणून फरक लक्षणीय.

इथे होणारी एक चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. संख्यांऐवजी टक्के भरतात, १८ आणि १० च्या जागी ६० आणि ३३. मग तीच बेरीज ४.२९ वरून एकदम १४.६५ वर जाते, कारण गणिताच्या लेखी आता प्रत्येक गटात ३० नव्हे, १०० बायका आहेत. ज्या ७० जणी ओपीडीत कधी आल्याच नाहीत, त्यांचाही पुरावा आपण जोडलेला असतो. दुसरी अडचण लहान संख्यांची. एखाद्या घरातली संख्या पाचाच्या खाली आली तर फिशरची टेस्ट लावायची, असं मुलं पाठ करतात. तिथे बघायची असते ती अपेक्षित संख्या. प्रत्यक्षात घरात शून्य असलं तरी अपेक्षित संख्या सात असेल, तर काय-स्क्वेअर चालते.

नॉन-पॅरामेट्रिक टेस्टचा प्रश्न आला की सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ‘तीसपेक्षा कमी रुग्ण असले की नॉन-पॅरामेट्रिक’ हे सूत्र क्लासच्या नोट्समधून फिरत असतं. ते चुकीचं आहे. टी टेस्ट जन्मलीच मुळी लहान नमुन्यांसाठी. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटला थोडक्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढायचे होते, आणि १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावानं त्यानं ती रीत छापली. अडचण नमुना लहान असण्यात नाही. लहान नमुना आणि त्यात एका बाजूला ओढले गेलेले आकडे, असे दोन्ही एकत्र आले की घात होतो.

एक उदाहरण पूर्णच करून बघू. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया सात जणांवर दुर्बिणीतून झाली, सात जणांवर पोट उघडून. वॉर्डात काढलेले दिवस असे: दुर्बिणीच्या गटात ३, ४, ४, ५, ५, ६ आणि ४३. उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ६, ७, ८, ८, ९, ९ आणि १०. पहिल्या गटाची सरासरी १० दिवस, दुसऱ्याची ८.१. सरासरीवर विश्वास ठेवला तर दुर्बिणीचे रुग्ण जास्त दिवस राहिले असं म्हणावं लागेल. आकड्यांवरून नुसती नजर फिरवली तरी हे खोटं आहे, हे कळतं. सात जणांतले सहा जण सहाव्या दिवसापर्यंत घरी गेले होते. टी ची किंमत जेमतेम ०.३४ येते, पाहिजे होती किमान २.१८.

आता मॅन-व्हिटनी लावू. एका गटातला प्रत्येक रुग्ण दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाशेजारी उभा करायचा. सात साते एकोणपन्नास जोड्या होतात. किती जोड्यांत दुर्बिणीचा रुग्ण जास्त दिवस राहिला? ४३ दिवसवाला सातही जोड्यांत. सहा दिवसवाल्याची एका जोडीत बरोबरी, तिचा अर्धा गुण. बाकी पाच जण एकाही जोडीत नाही. एकूण साडेसात. फरक नसता तर हा आकडा साडेचोवीसच्या आसपास असता. सात-सातच्या गटांसाठी कोष्टकात ८ ही सीमा दिलेली आहे, आणि साडेसात तिच्या आत आहे, म्हणून फरक लक्षणीय. ‘टी’नं जो फरक पुसून टाकला, तो इथे योग्य दिशेनं दिसला. ४३ हा आकडा किती मोठा आहे, हे या टेस्टला कळतच नाही. तो सगळ्यात मोठा आहे, एवढंच तिला कळतं.

परीक्षेत मात्र आकड्यांची अशी रांग देत नाहीत, सरासरी आणि प्रमाण विचलन देतात. दुर्बिणीच्या गटात ते १० आणि १४.६ असं दिसेल. दिवस शून्याच्या खाली जाऊ शकत नाहीत, तरीही विचलन सरासरीपेक्षा मोठं असेल, तर आकडे उजवीकडे ताणलेले आहेत हे ओळखायचं. सरासरीऐवजी मध्यक दिला असेल, तर प्रश्न काढणाऱ्यानं तोच इशारा केलेला असतो. वेदनेची श्रेणी सौम्य, मध्यम, तीव्र अशी दिली असेल, तिथेही मॅन-व्हिटनीच, कारण सौम्य ते मध्यम हे अंतर मध्यम ते तीव्र एवढंच आहे, असं कुणी मोजलेलं नाही.

‘आधी’ आणि ‘नंतर’ हे शब्द दिसले की थांबायचं. त्याच बायकांचं हिमोग्लोबिन उपचारापूर्वी आणि नंतर घेतलं असेल, तर गट दोन नाहीत, एकच आहे. मग जोडीची टी टेस्ट, आकडे ताणलेले असतील तर विल्कॉक्सन, आणि आहे-नाही असेल तर मॅकनेमार. साध्या काय-स्क्वेअरच्या हिशेबात एकच बाई दोनदा मोजली जाते.

आता त्या ४३ दिवसांच्या रुग्णाबद्दल. एका विद्यार्थिनीच्या थीसिसमध्ये असाच एक आकडा निघाला होता. तिनं विचारलं, ‘सर, हा काढून टाकू का?’ मी म्हटलं, ‘आधी रेकॉर्ड रूममधून त्याचा केसपेपर काढून आण.’ जखमेत पू होऊन रुग्ण खरोखर तितके दिवस राहिला असेल, तर तो आकडा चार्टमध्ये राहिलाच पाहिजे. लिहिताना चूक होऊन ११ चे ४३ झाले असतील, तर तो दुरुस्त करायचा, आणि मॅन-व्हिटनीचं उत्तर तसूभरही बदलणार नाही. पण तो खरा ४ असेल, तर दोन्ही टेस्ट पहिल्यापासून पुन्हा कराव्या लागतील.