चेपलेला चेहरा पुन्हा सरळ करताना

फोटो धूसर नाही, काळोखा नाही, तरी चेहरा ओळखीचा वाटत नाही, असे कधी कधी होते. गाल आत गेलेले, कपाळ उंच झालेले, मान लांब. किंवा उलट, चेहरा भाकरीसारखा पसरलेला. माणूस तेच असते, पण फोटोची लांबी-रुंदी बदलताना प्रमाण बिघडलेले असते. हे कसे ओळखायचे आणि कसे दुरुस्त करायचे, ते आज आम्ही एका उदाहरणावरून सांगणार आहोत.

एका बचत गटातल्या ताईंना त्यांच्या आईचा फोटो वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायचा होता. आईचा बरा फोटो एकच होता, हळदीकुंकवाच्या दिवशी मोबाईलवर आडवा काढलेला. आई मधोमध बसलेल्या आणि मागे भिंतीवर गोल घड्याळ. दुकानातून तो ८ बाय १० इंचाच्या उभ्या फ्रेमसाठी करून आला, तेव्हा आई आजारी माणसासारख्या हडकुळ्या दिसत होत्या. दरम्यान ज्या मोबाईलमध्ये मूळ फोटो होता, तो बंद पडला. हातात उरली ती दुकानातून पेनड्राइव्हवर मिळालेली बिघडलेली प्रत. त्यातून आईचा खरा चेहरा परत मिळेल का, हा त्यांचा प्रश्न होता. मिळतो, आणि त्यासाठी जादू लागत नाही, साधा भागाकार लागतो.

आधी बिघडते काय ते बघू. मोबाईलमधला फोटो हा ठिपक्यांच्या रांगोळीसारखा असतो. आडव्या रांगेत इतके ठिपके, उभ्या रांगेत इतके. संगणकावर या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. आपण रांगोळी काढताना सगळ्या ठिपक्यांत सारखे अंतर ठेवतो, म्हणून कमळ कमळासारखे दिसते. आडवे अंतर तेच ठेवून उभे अंतर दुप्पट केले, तर ठिपके तेवढेच राहतील, रेषाही त्याच राहतील, पण कमळ लांबुळके होईल. फोटोचेही तसेच. रुंदी आणि उंची एकाच पटीत लहान-मोठी केली तर चेहरा तसाच राहतो. एक बाजू जास्त आणि एक कमी बदलली की चेहरा ताणतो किंवा चेपतो.

ताईंच्या फोटोत हेच झाले होते. मूळ फोटो १६०० ठिपके रुंद आणि १२०० ठिपके उंच होता. मोबाईलचा साधा आडवा फोटो बहुतेक वेळा याच प्रमाणात असतो, ४ भाग रुंद तर ३ भाग उंच. तो उभ्या फ्रेमच्या मापात बसवताना कडेचा भाग कापायला हवा होता. तसे न करता अख्खा फोटोच १२०० रुंद आणि १५०० उंच केला गेला. रुंदी कमी झाली आणि उंची वाढली, म्हणून आई बारीक आणि लांब दिसू लागल्या.

आता दुरुस्ती. बिघडलेला फोटो १२०० रुंद आहे. मूळ प्रमाण ४ ला ३. मग रुंदी १२०० असताना उंची किती हवी? १२०० चे ४ भाग केले तर एक भाग ३००, आणि असे ३ भाग म्हणजे ९००. उंची आहे १५००, हवी ९००. म्हणजे रुंदीला हात न लावता उंची शंभराची साठ करायची, ६० टक्के.

हे काम विंडोजच्या संगणकावर पेंट नावाच्या साध्या प्रोग्राममध्ये होते. आधी फोटोची एक नक्कल करून ठेवा आणि काम नक्कलेवरच करा. फोटो पेंटमध्ये उघडला की खालच्या पट्टीत त्याची रुंदी आणि उंची दिसते, ती वहीत लिहून घ्या. मग Resize वर दाबा. छोटी चौकट उघडते. तिथे Percentage निवडा. त्या चौकटीत Maintain aspect ratio अशी खूण असते, काही ठिकाणी त्याऐवजी साखळीच्या कडीचे चिन्ह असते. या खुणेचा अर्थ, एक बाजू बदलली की दुसरी आपोआप त्याच पटीत बदलेल. एरवी ही खूण नेहमी चालूच ठेवायची. फक्त चेपलेला फोटो सरळ करताना ती काढायची, कारण इथे आपल्याला एकच बाजू बदलायची आहे. Horizontal म्हणजे रुंदी, तिथे १०० राहू द्या. Vertical म्हणजे उंची, तिथे ६० लिहा. OK केले की आई पुन्हा आईसारख्या दिसतात. मग Save as करून नव्या नावाने ठेवा.

कुणी विचारेल, उंची कमी करण्याऐवजी रुंदी का वाढवायची नाही? चेहरा तसाही सरळ दिसेल. पण रुंदी १६०० वरून १२०० केली तेव्हाच त्यातला बारकावा गेला. आता रुंदी ओढून वाढवली तर संगणक मधले ठिपके अंदाजाने भरतो. फोटो मोठा होतो, पण नवे काही दिसत नाही, उलट मऊ आणि धूसर वाटतो. म्हणून जी बाजू जास्त ताणलेली आहे ती कमी करावी. आपला १२०० बाय ९०० चा फोटो म्हणजे मूळ फोटोची पाऊण मापाची खरी प्रत झाली.

पण मूळ प्रमाण माहीत नसेल तर? तेव्हा फोटोत गोल वस्तू शोधायची. ताईंच्या फोटोत भिंतीवरचे घड्याळ होते. बिघडलेला फोटो पडद्यावर मोठा करून आम्ही साध्या पट्टीने मोजले. घड्याळ ३ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच भरले. खरे घड्याळ गोल आहे, म्हणजे उंचीही ३ च हवी. ३ भागिले ५ म्हणजे शंभरात साठ. वरच्या हिशेबाने आलेला आकडाच इथेही आला. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर मिळाले की खात्रीने पुढे जावे.

गोल वस्तू मात्र समोरून दिसणारी हवी. भिंतीवरचे घड्याळ चालते, कपाळावरचे गोल कुंकू चेहरा समोर असेल तर चालते. जमिनीवर ठेवलेले ताट चालत नाही, कारण ते तिरके दिसते आणि चांगल्या फोटोतही लांबट वाटते. अगदी कडेला असलेली वस्तूही टाळा, कारण मोबाईलच्या भिंगाने कडेच्या गोष्टी थोड्या ओढल्यासारख्या येतात. गोल काहीच नसेल तर भिंतीवरची चौरस फरशी किंवा ज्याचे खरे माप घरात मोजता येईल असे दार-खिडकी उपयोगी पडते, तीही समोरून दिसणारी. आणि काहीच नसेल तर त्याच माणसाचा दुसरा चांगला फोटो शेजारी ठेवून चेहऱ्याची रुंदी आणि उंची ताडून बघावी. डोळ्यांच्या अंदाजावर एकट्याने विसंबू नये. बिघडलेला फोटो फार वेळ बघितला की डोळ्यांना त्याचीच सवय होते.

चेहरा सरळ झाला, आता फ्रेम. फोटो आडवा आणि फ्रेम उभी, मग काहीतरी सोडावे लागणारच. ८ बाय १० चे प्रमाण म्हणजे ४ ला ५. उंची ९०० आहे तर रुंदी ७२० हवी. आई मधोमध येतील असा ७२० रुंदीचा भाग ठेवायचा आणि दोन्ही कडा कापायच्या. कापण्याने चेहरा कधीच बिघडत नाही, बिघडतो तो ओढण्याने आणि दाबण्याने.

छापताना आणखी एक हिशेब. छान छपाईला एका इंचात साधारण ३०० ठिपके लागतात, दीडशेपर्यंत निभावते. ९०० ठिपके १० इंचात पसरले तर इंचाला ९० च येतात आणि चेहरा धूसर दिसतो. तोच फोटो ४ बाय ५ इंच छापला तर इंचाला १८० येतात. म्हणून त्या ताईंनी फोटो लहान छापून घेतला आणि मोठ्या फ्रेममध्ये भोवती पांढरा जाड कागद लावला. फ्रेम तीच राहिली.

हीच गोष्ट मुलींच्या ऑनलाइन अर्जात होते. बँकेच्या परीक्षेच्या अर्जात २०० बाय २३० पिक्सेलचा फोटो मागतात. मोबाईलचा उभा फोटो ३ ला ४ प्रमाणाचा, म्हणजे ३००० रुंद तर ४००० उंच. तो घाईत सरळ २०० बाय २३० केला तर चेहरा सुमारे १६ टक्के रुंद होतो. परीक्षेच्या दिवशी ओळख पटवताना चेहरा फोटोशी ताडून बघतात, तिथे हा फरक नडू शकतो. अशा वेळी आधी कापा, मग लहान करा. रुंदी ३००० ठेवून उंची ३४५० होईल इतका भाग वरून-खालून कापा. ३००० ला ३४५० आणि २०० ला २३० हे एकच प्रमाण आहे. त्यानंतर २०० बाय २३० केले की चेहरा जसाच्या तसा राहतो. संगणक केंद्रात काम करून घेत असाल तर पैसे देण्याआधी पडद्यावर चेहरा बघा. मूळ फोटो मोबाईलमध्ये असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता मूळ फोटोवरूनच नव्याने करून मागा.

या उपायाने सगळेच बरे होत नाही, तेही सांगतो. मोबाईल अगदी तोंडाजवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. तो अंतराचा परिणाम आहे, उंची-रुंदी बदलून तो जात नाही, लांबून नवा फोटो काढावा लागतो. जो भाग कापून टाकला तो परत येत नाही. आणि फोटो आधी कापून मग चेपला असेल, तर ४ ला ३ चा हिशेब लागू पडत नाही. तिथे फोटोतले घड्याळ किंवा कुंकूच खरे माप सांगते.

गटाच्या पुढच्या बैठकीत एखादा चेपलेला फोटो आणि एक पट्टी घेऊन बसा. आधी गोल वस्तू शोधा, रुंदी मोजा, उंची मोजा, लहान आकड्याला मोठ्याने भागा. जो आकडा येईल, तेवढीच ताणलेली बाजू ठेवायची.