फॅक्टरी रिसेट करू नये

सकाळी साडेआठ

शटर वर करायच्या आधीच गुरुजी पायरीवर येऊन बसलेले होते. हातात रुमालात गुंडाळलेला फोन. माझं दुकान आपट्यात, जागा जेमतेम एका टेबलाची. अर्ध्या टेबलावर दाखले, ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्स, उरलेल्या अर्ध्यावर मोबाईल रिपेअरिंग. जूनमध्ये उत्पन्नाच्या दाखल्यांची गर्दी असते, पण गुरुजींचा चेहरा बघून मी आधी फोन हातात घेतला.

रात्री अपडेट झालं होतं आणि पहाटेपासून फोन चालू होत नव्हता. कंपनीचं नाव यायचं, थोडा वेळ थांबायचं, पडदा काळा व्हायचा आणि पुन्हा नाव. आता मात्र वेगळाच पडदा आला होता: `Can't load Android system. Your data may be corrupt.` खाली दोन पर्याय, `Try again` आणि `Factory data reset`. पुतण्या म्हणाला होता, दुसरं दाबा, फोन सुरू होईल. गुरुजींनी ते दाबलं नाही, तसेच उठून इकडे आले.

त्यांनी दाबलं असतं तर फोन कदाचित खरंच सुरू झाला असता, पण कोरा. त्या मजकुरातलं `may be` महत्त्वाचं आहे. डेटा खराब झाला असेल असा फोनचा केवळ अंदाज असतो. अपडेट अर्धवट बसलं तरी हाच पडदा येतो आणि तेव्हा आतल्या फाइल्स बहुधा जागच्या जागी असतात. मी एकदा `Try again` दाबून पाहिलं. पुन्हा तेच चक्र. मग पॉवरचं बटण अडकलं आहे का ते बोटाने तपासलं, कारण आत दबून राहिलेलं बटणही फोनला असंच फिरवत ठेवतं. बटण ठीक होतं. चार्जर लावून अर्धा तास ठेवला, फरक पडला नाही. तिथे मी थांबले. फोन घेऊन आठ महिने झालेत, वर्षाची वॉरंटी आहे. मी स्क्रू फिरवला तर ती गेली.

सकाळी दहा

दाखल्यांची रांग सुरू असतानाच मी मधेमधे गुरुजींना विचारत होते, फोनमधलं काय काय दुसरीकडे आहे? माझ्या कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतः पासवर्ड टाकून गुगलचं खातं उघडलं. फोटो होते, अगदी परवाच्या शेतातल्या पाण्यापर्यंतचे. कॉन्टॅक्ट होते. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही तीन दिवसांपूर्वीचा दिसला. मी म्हटलं, "गुरुजी, मग काळजी कसली?"

"आत्याचे धवले," ते म्हणाले.

आगरी घरात लग्न लागतं तेव्हा धवलारीण धवले म्हणते. प्रत्येक विधीला तिचा धवला, आणि एकेक धवला चांगला लांब. गुरुजींची आत्या या भागातली नावाजलेली धवलारीण. आता तिचा आवाज बसला आहे, चार ओळींपुढे दम पुरत नाही. नुकत्याच सरलेल्या उन्हाळ्यात आवाज शाबूत होता तेव्हा गुरुजींनी तिच्या ओसरीवर बसून फोनच्या व्हॉइस रेकॉर्डरमध्ये सगळे टिपून घेतले. म्हणजे ते आता पुन्हा रेकॉर्ड करता येणार नाहीत.

गुगल फोटोज फक्त फोटो आणि व्हिडिओ उचलतं. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप व्हॉट्सअ‍ॅपपुरता. रेकॉर्डरच्या फाइल्स फोनच्या आतल्या मेमरीत एका वेगळ्या फोल्डरमध्ये पडून असतात आणि मुद्दाम सोय केलेली नसेल तर कुठलाही बॅकअप त्यांना हात लावत नाही. लोकांना वाटतं बॅकअप चालू आहे म्हणजे सगळंच चालू आहे. मी विचारलं, कुणाला पाठवले होते का? मुलीला दोन पाठवले होते. लगेच फोन लावला आणि तिला सांगितलं, ते दोन आत्ताच्या आत्ता स्वतःच्या ईमेलवर टाकून ठेव. दोन धवले वाचले. बाकीचे त्या फोनमध्ये.

मग केबल लावून काढता येत नाहीत का, असं त्यांनी विचारलं. नाही येत. अँड्रॉइड १० पासून नव्याने बाजारात आलेल्या फोनमध्ये आतला डेटा कूटबद्धच साठवावा लागतो. मेमरीची चिप म्हणजे कुलूपबंद पेटी, तर किल्लीचा एक भाग प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यात आणि दुसरा गुरुजींच्या पिनमध्ये. फोन पूर्ण चालू होऊन एकदा पिन टाकल्याशिवाय फाइल्स उघडत नाहीत. म्हणून चिप उपटून दुसऱ्या बोर्डावर बसवली तरी हाती निरर्थक आकडे येतात. पूर्वीच्या फोनची गोष्ट वेगळी होती, तेव्हा ही युक्ती चालायची. आता तोच बोर्ड जिवंत व्हावा लागतो.

इथेच सर्व्हिस सेंटरची धास्ती वाटते. वॉरंटीतला फोन सुरू होत नसेल तर तिथली पहिली पायरी सॉफ्टवेअर नव्याने भरण्याची, आणि बऱ्याचदा ते सगळं पुसूनच भरतात. त्याने नाही झालं तर बोर्ड बदलतात आणि जुना बोर्ड कंपनीकडे परत जातो. दोन्हीत ग्राहकाला फुकटात चालता फोन मिळतो. काउंटरवर जॉबशीट सही करताना बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की डेटाचा बॅकअप ही ग्राहकाची जबाबदारी. ज्याचा फोन उघडतच नाही तो बॅकअप घेणार कसा, हा प्रश्न त्या छापील ओळीत बसत नाही.

सकाळी साडेअकरा

म्हणून फोन जमा करण्याआधी मेल. काउंटरवर तोंडी सांगितलेलं आत बसलेल्या इंजिनिअरपर्यंत पोचेलच असं नाही. मेलला तारीख असते, वेळ असते, आणि तो छापून जॉबशीटला टाचता येतो. गुरुजींच्या खात्यावरूनच लिहिला, सर्व्हिस सेंटरला आणि प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला. फोन बंद असल्याने आयएमईआय क्रमांक खोक्यावरून उतरवला आणि बिलावरच्या आकड्यांशी ताडून पाहिला. विषयाच्या ओळीतच मुद्दा आणला: "वॉरंटी दुरुस्ती: माझ्या लेखी परवानगीशिवाय डेटा पुसू नये". मजकूर असा:

"महोदय, माझा फोन अपडेटनंतर सुरू होत नाही. मॉडेल, आयएमईआय आणि बिलाची प्रत सोबत आहे. फोनच्या आतल्या मेमरीत ध्वनिमुद्रणं आहेत. त्यातल्या बहुतेकांची दुसरी प्रत नाही आणि ती पुन्हा करता येणार नाहीत. म्हणून विनंती:

माझ्या लेखी परवानगीशिवाय फॅक्टरी रिसेट करू नये किंवा डेटा पुसणारं सॉफ्टवेअर भरू नये. आधी, युजर डेटा तसाच ठेवून, त्याच किंवा पुढच्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर भरून पाहावं. फोन सुरू झाला तर मला बोलवावं. पिन मी स्वतः काउंटरवर टाकेन आणि फाइल्स उतरवून घेईन, त्यानंतर पुढची दुरुस्ती करावी. बोर्ड बदलावा लागेल असं दिसलं तर काम थांबवून मला कळवावं. ही नोंद जॉबशीटवर करावी आणि या मेलचं उत्तर द्यावं."

'त्याच किंवा पुढच्या आवृत्तीचं' हे शब्द मी मुद्दाम घातले. जुन्या आवृत्तीवर मागे नेलं तर पुसलं नाही तरी किल्ली जुळत नाही आणि डेटा उघडत नाही. 'डेटा जपा' एवढंच लिहिलं असतं तर इंजिनिअरला नेमकं काय करायचं ते कळलं नसतं. तो होईल तेवढं करू म्हणाला असता आणि नेहमीचीच फाइल भरली असती. धवल्यांची माहिती मात्र दोन वाक्यांत आवरली. गुरुजींना आत्याबद्दल आणखी लिहायचं होतं. मी म्हटलं, जास्त लिहिलं की मधली विनंती वाचायची राहून जाते.

पिन मेलमध्ये लिहू दिला नाही. चाचणीसाठी पिन मागतात आणि लोक तो जॉबशीटवर लिहून मोकळे होतात. त्याच पिनवर बँकेचं अ‍ॅपही उघडतं.

दुपारी दीड

उत्तर आलं. ठरावीक साचा: आपली गैरसोय झाली, दिलगीर आहोत, डेटाची जबाबदारी ग्राहकाची, जवळच्या केंद्रात फोन जमा करावा. गुरुजी खट्टू झाले. मला ते उत्तरही उपयोगाचं वाटलं, कारण मेल मिळाल्याची पोच त्यात होती आणि तक्रारीचा क्रमांक होता. त्यालाच जोडून दोन ओळी लिहिल्या: क्रमांक मिळाला, परवानगीशिवाय डेटा पुसू नये ही विनंती कायम आहे, आज फोन जमा करतो आहे.

दुपारी तीन

दुकान भावाकडे सोपवून आम्ही आपटा फाट्यावरून पनवेल गाठलं. निघताना सिम आणि मेमरी कार्ड काढून गुरुजींच्या पाकिटात ठेवलं. काउंटरवरच्या मुलीने सवयीने "डेटा जाऊ शकतो" या चौकटीत टिक करून सहीसाठी कागद पुढे केला. मी छापील मेल पुढे ठेवला आणि शेऱ्यात लिहायला सांगितलं. ती म्हणाली, असं लिहीत नाहीत. आम्ही वाद घातला नाही, आतल्या इंजिनिअरला भेटायचं आहे एवढंच म्हटलं.

तो बाहेर आला, तरुण मुलगा. त्याने मेल उभ्यानेच वाचला आणि विचारलं, "रिकव्हरी उघडते ना?" उघडते म्हटल्यावर मान डोलावली. डेटा न पुसता भरायची फाइल त्यांच्याकडे असते, पण तसं भरून दोष राहिला तर काम पुन्हा करावं लागतं, म्हणून मागितल्याशिवाय कुणी वापरत नाही, असं त्याने सरळ सांगितलं. मग त्यानेच शेऱ्यात लिहिलं: "डेटा पुसण्याआधी ग्राहकाची परवानगी. बोर्ड बदलण्याआधी फोन करणे." गुरुजींनी त्याखाली सही केली. मी जॉबशीटचा फोटो काढला आणि तोही मेलच्या त्याच साखळीत पाठवला. पुढे तक्रारीची वेळ आलीच, ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावावा लागला, तर सगळं एका जागी असलेलं बरं.

संध्याकाळी सात

दुकान आवरत असताना गुरुजींनी दिलेल्या दुसऱ्या नंबरवर, म्हणजे माझ्याच फोनवर इंजिनिअर. डेटा राखून सॉफ्टवेअर भरलं, फोन चालू होतो, पिन मागेपर्यंत पोचतो आणि मिनिटभरात बंद पडतो. पुन्हा लावलं तरी तेच. दोष बोर्डात दिसतो आहे. बदलू का?

गुरुजींना बोलावून घेतलं आणि जे आहे ते सांगितलं. बोर्ड बदलला तर फोन फुकटात नवा होईल आणि धवले कायमचे जातील. फोन तसाच परत घेतला तर बोर्डाचं काम जाणणारा खाजगी कारागीर गाठता येईल. त्याला पूर्ण दुरुस्ती जमली नाही तरी चालेल, फाइल्स उतरेपर्यंत बोर्ड तग धरला की पुरे. पण फोन उघडला की वॉरंटी संपेल आणि तोही हमी देणार नाही. पिनच्या पडद्यापर्यंत पोचतो ही चांगली खूण आहे, म्हणजे मेमरी वाचली जाते आहे. याहून जास्त मी सांगू शकत नव्हते.

त्यांनी फार वेळ घेतला नाही. "फोन काय, दुसरा येईल," म्हणाले.

साखळीतला शेवटचा मेल आम्ही तिथेच उभ्याने लिहिला: "बोर्ड बदलण्यास माझी परवानगी नाही. फोन दुरुस्ती न करता, आहे त्या स्थितीत परत द्यावा. उद्या सकाळी नेण्यास येतो." पाठवल्यावर मी इंजिनिअरला फोन करून सांगितलं की तोपर्यंत चार्जरला लावून चालू-बंद करत राहू नका, तसाच बंद ठेवा.