आरसीसीबी ट्रिप होतोय? नुसतं बटण बंद करून चोर सापडत नाही!

हुडकेश्वरमधल्या आमच्या शेजारच्या काकूंकडे इस्त्री लावली की आरसीसीबी पडायचा. इस्त्री दुसऱ्या घरी नेली, तर अगदी व्यवस्थित चालली. खरा दोषी होता कूलरचा पंप, तोही बटण बंद असताना!

असं का होतं? बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. पंपात ओल शिरून न्यूट्रल अर्थिंगला टेकला, तर इस्त्रीचा थोडा करंट त्या वाटेने निसटतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिॲम्पियरच्या फरकाला पडतोच, कधी त्याआधीही.

म्हणून शोध असा घ्या:

१. घरातले सगळे प्लग उपसून काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही.

२. आरसीसीबी चढवा आणि इस्त्रीसारखं चांगलं, जास्त करंट घेणारं उपकरण चालू ठेवा. न्यूट्रलची गळती लोड असतानाच नीट दिसते.

३. एका वेळी एकच प्लग लावा, प्रत्येकाचं बटण आधी बंद आणि मग चालू करून पाहा. गीझर, फ्रिज थोडा वेळ चालू द्या; काही दोष गरम झाल्यावरच उघडे पडतात.

४. ज्यावर पडला, ते उपकरण काढून बाकी सगळी लावा. टिकला, तर चोर सापडला.

एकेकटं काहीच पाडत नसेल, पण सगळी मिळून पाडत असतील, तर छोट्या गळत्यांची बेरीज होतेय. सगळे प्लग काढूनही पडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये, थेट जोडलेल्या उपकरणात किंवा खुद्द आरसीसीबीत असू शकतो. तिथे इलेक्ट्रिशियनच हवा.

तोवर आरसीसीबी बायपास मात्र कुणालाही करू देऊ नका.