घरमालकाच्या मेसेजला काय लिहायचे?

समजा, पुण्यात भाड्याने राहणाऱ्या भाचीने स्क्रीनशॉट पाठवला: 'पुढच्या महिन्यापासून भाडे दोन हजारांनी वाढेल. जमत नसेल तर ३० तारखेला फ्लॅट रिकामा करा.' खाली तिचा प्रश्न, 'काय लिहू?'

आधी मालकाच्या मेसेजच्या वरचे मेसेज मागवा. तिथे तिने 'बघते काका' लिहिले असेल, तर मालकाने तो होकार धरलेला असू शकतो. मग भाडेकरार काढायला सांगा. मुदत कधी संपते, मधे भाडेवाढीचे कलम आहे का, नोटीस किती दिवसांची, एवढेच पाहायचे. मुदत शिल्लक असेल आणि वाढीचे कलम नसेल, तर ठरलेले भाडेच लागू राहते. अशा वेळी उत्तर असे:

'काका, नमस्कार. आपला करार मार्चअखेरपर्यंत १८,००० रुपयांचा आहे. तोवर तेच भाडे वेळेवर देईन. नूतनीकरणाच्या वेळी वाढीबद्दल भेटून बोलू.'

यात कायद्याची धमकी नाही, माफीही नाही. नुसता अंगठा किंवा 'ओके' मात्र पाठवू नये. तो संमतीसारखा वाचला जातो.

मुदत संपत आली असेल तर हा सूर चालणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत उलटल्यावर राहिल्यास दुप्पट भाडे भरावे लागू शकते. तेव्हा 'वाढ हजारावर जमेल का?' असे सरळ विचारावे. फोनवर ठरले, तर ठरलेला आकडा त्याच दिवशी मेसेजमध्ये लिहून पाठवावा.