मामाचे पैसेही लिहूनच घ्या

उल्हासनगरात शिलाई मशीनसाठी ५०,००० रुपये हवेत असं समजा. खासगी सावकार शेकडा पाचने देत असेल, तर महिन्याचं व्याज अडीच हजार. बचत गटाचं शेकडा दोनने हजार. बँकेचं वार्षिक १२ टक्क्यांनी पहिल्या महिन्याला पाचशे, पण कागदपत्रं जुळवावी लागतात. मामाचे पैसे बिनव्याजी, म्हणून सर्वांत स्वस्त. फक्त त्यांची नोंद कुठेच नसते.

“नात्यात कसली लिखापढी?” असं अनेकजण म्हणतात. पण परतफेडीची मुदत ठरली नसेल, तर वसुलीचा दावा साधारणपणे पैसे दिल्यापासून ३ वर्षांतच करता येतो, आणि तोवर दोघांच्या आठवणीतले आकडे वेगळे झालेले असतात. म्हणून रक्कम, तारीख, हप्ता आणि दोघांच्या सह्या एका कागदावर घ्या. २०,००० किंवा जास्त रक्कम रोखीने घेऊ नका, खात्यातूनच घ्या. प्रत्येक हप्ता त्याच कागदावर सहीनिशी नोंदवा.